पाटीवरची गोधडी

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकांनी नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी नावाची पाटी करून मागितली. माझ्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे आणि अशी छोटी कामं मी घेतो. पाटी साधीच होती: १८० मिमी लांब, ९० मिमी रुंद, ६ मिमी जाड आणि वर उठावाची अक्षरं. घरावर लागणारी वस्तू आहे, चांगलीच व्हायला हवी, म्हणून मी नेहमीचा ०.२ मिमीचा थर सोडून ०.१ मिमीचा बारीक थर निवडला. थर जितका बारीक तितकं काम सफाईदार, असा माझा हिशेब होता.

सकाळी पाटी बेडवरून काढली तेव्हा कडा आरशासारख्या होत्या आणि अक्षरांची वळणं सुबक होती. पण अक्षरांच्या मधली सपाट जागा सपाट नव्हतीच. तिरकी धरली की चौकोनाचौकोनांत फुगवटे दिसायचे, आणि दोन-तीन ठिकाणी तर सुईच्या टोकाएवढी भोकं. काकांनी हात फिरवला आणि म्हणाले, "अरे, हे गोधडीसारखं लागतंय की हाताला."

काकांनी दिलेली उपमा नेमकी होती. गोधडीत टाके घातलेली जागा दबलेली असते आणि मधला भाग फुगलेला. थ्रीडी प्रिंटिंग करणारे या दोषाला पिलोइंग म्हणतात, म्हणजे पृष्ठभागाचं उशीसारखं होणं. नाव उशीचं असलं तरी एकच मोठी उशी नसते, लहान लहान उश्यांची रांग असते. तो दोष का येतो हे समजायला वस्तूच्या पोटात पाहावं लागतं.

थ्रीडी प्रिंटरवर केलेली वस्तू बाहेरून भरीव दिसते, पण आतून ती बहुतेक वेळा पोकळ असते. बाहेरच्या भिंती भरीव, तळ भरीव, वरचं छत भरीव आणि मधे प्लास्टिकची विरळ जाळी. या जाळीला इनफिल म्हणतात. सगळी वस्तू भरीव केली तर माल आणि वेळ दोन्ही वाया जातात, म्हणून दहा, पंधरा, वीस टक्के एवढीच जाळी भरतात. खालचे थर बेडवर टेकलेले असतात, भिंती खालच्या भिंतींवर उभ्या राहतात. अडचण फक्त छताची. छताचा पहिला थर जेव्हा पडतो तेव्हा त्याच्या खाली सलग आधार नसतो, जाळीच्या रेषा असतात आणि त्यांच्यामध्ये हवा. नोझलमधून निघालेली गरम तार या रेषेवरून त्या रेषेवर जाते आणि मधलं अंतर तिला अधांतरी पार करावं लागतं.

हे सांगितल्यावर काका लगेच म्हणाले, "म्हणजे सेंटरिंगच की." काकांचं आयुष्य बांधकामावर गेलं आहे. "फळ्यांखालचे टेकू लांब लांब लावले तर स्लॅब झोळ खातो. आणि काँक्रीट घट्ट व्हायच्या आत टेकू काढले तरी तेच." पुढचं सगळं समजावून घ्यायला मला ही दोन वाक्यं फार उपयोगी पडली. आपल्या छताचे टेकू म्हणजे इनफिल, काँक्रीट लवकर घट्ट करणारा म्हणजे पंखा आणि स्लॅबची जाडी म्हणजे वरच्या थरांची संख्या.

आधी जाडीकडे पाहू, कारण माझी मुख्य चूक तिथेच होती.

प्रिंट करण्यापूर्वी वस्तूचे थर पाडणारं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. त्याला स्लायसर म्हणतात. क्युरा हा त्यातला एक खूप वापरला जाणारा. त्यात Top Layers नावाचा एक रकाना असतो, वरचे भरीव थर किती हवेत ते तिथे सांगायचं. मी तिथे फार पूर्वी ४ हा आकडा लिहिला होता आणि तो बरोबरही होता, कारण माझा थर ०.२ मिमीचा असे. चार थर म्हणजे ०.८ मिमी जाडीचं छत. पाटीसाठी मी थर ०.१ मिमी केला, आकडा ४ तसाच राहिला. छत झालं ०.४ मिमी. काम सफाईदार व्हावं म्हणून मी जे केलं त्यानेच स्लॅब अर्धा झाला.

थरांची संख्या एकटी काहीच सांगत नाही. संख्येला थराच्या उंचीने गुणायचं आणि येणारी जाडी पाहायची. पीएलए या नेहमीच्या प्लास्टिकला ०.८ ते १ मिमी जाडीचं छत बहुतेक कामांत पुरतं. ०.२ मिमीच्या थराला चार-पाच थर, ०.१ मिमीच्या थराला आठ ते दहा. क्युरामध्ये Top Thickness हा वेगळा रकाना आहे. तिथे जाडी लिहिली तर थर बदलला की संख्या तो आपोआप मोजतो. पण एकदा तुम्ही Top Layers मध्ये हाताने आकडा लिहिला की तो तसाच राहतो. प्रुसास्लायसरमध्ये थरांच्या संख्येसोबतच किमान जाडी सांगायची सोय आहे, तिचं नाव Minimum shell thickness. ती भरलेली असेल तर माझ्यासारखी चूक होत नाही.

बारीक थराचा आणखी एक तोटा आहे. ०.४ मिमीच्या नोझलमधून ०.१ मिमीचा थर काढताना मशीन ०.२ च्या थरापेक्षा निम्माच माल सोडतं. खाली भक्कम पृष्ठभाग असेल तर तेवढा माल दाबून पसरतो आणि छान बसतो. पण खाली हवा असेल तर दाबायला काही नसतं. तेवढ्याच मालाची तार ताणली जाते, बारीक होते, कधी मधेच तुटते. म्हणून अधांतरी अंतर पार करताना जाड थर बारीक थरापेक्षा बहुधा जास्त भरवशाचा.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर छत सुरू होताना प्रिंटरजवळ बसा. पहिला थर पडताना तारा जाळीच्या घरांवरून दोरीवरच्या ओल्या धोतरासारख्या लोंबतात. काही शेजारच्या तारेला चिकटतात, काही चिकटतच नाहीत. हा थर कुरूप दिसतो आणि तो तसाच दिसणार, त्याने घाबरून प्रिंट थांबवू नका. दुसरा थर आडव्या दिशेने पडतो. त्याला टेकायला आता जाळीच्या रेषाही आहेत आणि लोंबलेल्या ताराही. झोळ कमी होतो, भोकं लहान होतात. तिसऱ्या थराला बहुतेक भोकं बुजतात. चौथ्या-पाचव्या थराला ओळी शेजारी शेजारी बसू लागतात आणि छतासारखं छत दिसतं. प्रत्येक थर खालच्या थराची चूक थोडी थोडी भरून काढतो. माझ्या पाटीत ही भरपाई अर्ध्यावर थांबली होती.

आता टेकूंकडे वळू. इनफिलचा आकडा टक्क्यांत असतो आणि टक्का फसवा असतो, कारण छताला टक्क्याशी देणंघेणं नसतं, त्याला अंतर कळतं. जाळी चौकटीची असेल, म्हणजे दोन दिशांच्या रेषा एकमेकींना छेदत असतील, तर हिशेब सोपा आहे: रेषेची रुंदी दुप्पट करायची आणि टक्केवारीने भागायचं. ०.४ मिमी रुंदीची रेषा आणि १० टक्के जाळी असेल तर ०.८ भागिले ०.१०, म्हणजे दोन समांतर रेषांमध्ये ८ मिमी. २० टक्क्यांना ४ मिमी. ४० टक्क्यांना २ मिमी. क्युरा हे अंतर Infill Line Distance या नावाने स्वतःच दाखवतो. तो रकाना दिसत नसेल तर सेटिंगच्या यादीतून उघडून घ्या.

पाटीत मी १० टक्के जाळी ठेवली होती. मोजपट्टी घेऊन मी फुगवट्यांमधलं अंतर मोजलं तेव्हा ते ८ मिमी भरलं आणि रांगा पाटीच्या कडेशी तिरक्या, ४५ अंशांत होत्या, जशी आतली जाळी असते अगदी तशाच. दोष ओळखण्याची ही खात्रीची खूण आहे. पृष्ठभाग खराब असण्याची इतरही कारणं असतात. ओळींमध्ये सगळीकडे सारख्या फटी असतील, भिंतीजवळही असतील, तर माल कमी पडतो आहे, नोझल तुंबलं असेल. ओळींवर कंगोरे उठले असतील आणि नोझल त्यांना खरवडत जात असेल तर माल जास्त पडतो आहे. पण खडबडीतपणात आतल्या जाळीचा नकाशा उमटला असेल तर तो पिलोइंग आणि फक्त पिलोइंगच. पातळ रंगाची वस्तू असेल तर ती उन्हाकडे धरा, जाळी आणि भोकं एकावर एक दिसतील.

दहावरून वीस टक्के केले की अंतर आठवरून चारवर येतं, आणि झोळ निम्म्यापेक्षा कितीतरी जास्त कमी होतो, कारण अधांतरी तार जितकी लांब तितकी ती झपाट्याने वाकते. पण वीसवरून चाळीस टक्के केले तर अंतर फक्त दोन मिमीने घटतं आणि जाळीचा माल मात्र पुन्हा दुप्पट होतो. म्हणून छत सुधारण्यासाठी जाळी २० ते २५ टक्क्यांच्या पुढे नेण्यात मला अर्थ वाटत नाही. त्यापुढचा पैसा थरांवर खर्च करावा. वस्तू उंच असेल, एखाद्या मूर्तीच्या बैठकीसारखी, तर सगळ्या उंचीभर दाट जाळीही नको. क्युरातल्या Gradual Infill Steps ने खाली विरळ आणि छताखालच्या भागात दाट जाळी करता येते. सहा मिमीच्या पाटीत त्याला जागाच नसते.

तिसरी गोष्ट पंख्याची, आणि फुगवटे येण्याचं सर्वांत मोठं कारण माझ्या पाटीत तेच निघालं.

नोझलमधून पीएलए साधारण २०० ते २१० अंश सेल्सिअसला बाहेर पडतं आणि साधारण ६० अंशांखाली गेलं की कडक होतं. या दोन तापमानांच्या मधल्या काळात तार मऊ असते. पंखा जोरात असेल तर हा काळ अगदी थोडा राहतो आणि तार जिथे ताणली तिथेच थिजते. पंखा मंद असेल तर दोन गोष्टी होतात. तार लोंबते, हे तर उघड आहे. पण निवताना ती आक्रसतेही. तिची दोन टोकं जाळीला चिकटलेली आणि मधला भाग मोकळा, त्यामुळे असमान आक्रसून मोकळा भाग वर कुरळतो. नोझल पुढच्या फेरीत या वर आलेल्या भागावरून जातं, तिथे माल नीट बसत नाही, उंचवटा पुढच्या थरात उतरतो. गोधडी अशी तयार होते.

माझं असं झालं की आधीच्या कामाला पीईटीजी नावाचं दुसरं प्लास्टिक लावलं होतं. त्याला पंखा बेताचा लागतो, जोराची हवा दिली तर थर एकमेकांना नीट धरत नाहीत. पीएलए लावताना मी तापमान बदललं, पंखा ३० टक्क्यांवरच राहिला. स्लायसरने बनवलेली फाईल साध्या मजकुराची असते. ती उघडून M106 शोधलं तेव्हा ही ओळ सापडली:

```
M106 S77
```

M106 म्हणजे पंखा चालू कर आणि S पुढचा आकडा ० ते २५५ मधला वेग. ७७ म्हणजे जेमतेम ३० टक्के. पीएलएला पहिला थर सोडला तर पूर्ण वेग हवा:

```
M106 S255
```

पहिल्या थराला पंखा बंद ठेवतात, कारण तो बेडला चिकटायचा असतो. छतापर्यंत पोचेस्तोवर पंखा पूर्ण वेगात असायला हवा.

फाईलमध्ये २५५ असूनही फुगवटे येत असतील तर पंख्याकडे प्रत्यक्ष पाहा. प्रिंटरच्या डोक्यावर बहुधा दोन पंखे असतात. एक सतत फिरतो, तो नोझलच्या वरचा धातूचा भाग थंड ठेवतो आणि आपल्या छताशी त्याचा संबंध नसतो. दुसरा पंखा नळकांड्यातून नोझलच्या टोकाजवळ हवा सोडतो, कामाचा तो. पुष्कळजण पहिला फिरताना पाहून निश्चिंत होतात. प्रिंटरच्या मेन्यूमधून पंखा १०० टक्के करा आणि टिश्यू पेपरची अरुंद पट्टी नळकांड्यासमोर धरा, बोटं नोझलपासून लांब ठेवून. पट्टी फडफडली पाहिजे आणि हवा नोझलच्या टोकाखाली गेली पाहिजे. माझ्या पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर बसला होता, तो मऊ ब्रशने काढला.

एबीएसच्या बाबतीत मात्र हा उपाय चालत नाही. त्याला जोराची हवा लागली की वस्तू वाकते, थर उकलतात, म्हणून पंखा बंद किंवा अगदी मंद ठेवावा लागतो. तिथे छत थरांवर आणि जाळीवरच सावरावं लागतं. पीईटीजीचंही थोडंफार तसंच. म्हणून कुठल्याही प्लास्टिकला पंखा शंभरावर न्या, असा सल्ला कुणी दिला तर तो अर्धवट समजावा.

कुठल्या उपायाने काय सुधारतं हे पाहायला मी पाटी लगेच पुन्हा लावली नाही. ४० मिमी लांब-रुंद आणि ८ मिमी उंच असा चौकोनी ठोकळा केला, सात ग्रॅमच्या आसपास वजनाचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली. पहिला ठोकळा पाटीच्याच सेटिंगचा, त्यावर हुबेहूब तीच गोधडी आली. दुसऱ्यात फक्त पंखा पूर्ण केला. फुगवटे जवळजवळ गेले, पण जाळीच्या घरांवर खळगे राहिले आणि एक भोकही. तिसऱ्यात थर चारचे नऊ केले. भोक बुजलं, हाताला सपाट लागू लागलं, पण दिव्याच्या तिरक्या उजेडात जाळीची अस्पष्ट लाट अजून दिसत होती. चौथ्यात जाळी वीस टक्के केली आणि लाटही गेली. या क्रमाने मला एवढं पक्कं कळलं की फुगवटे पंख्याचे असतात, भोकं कमी थरांची आणि लाट विरळ जाळीची. तिन्ही एकत्र येतात म्हणून आपण त्यांना एकच दोष समजतो.

मग खर्चाचा हिशेब केला. पाटीचं क्षेत्रफळ १६२ चौरस सेंमी. पीएलएची घनता १.२४, म्हणजे ०.१ मिमीचा एक भरीव थर दोन ग्रॅमचा. पाच थर वाढवले तर, ते ज्या जाळीची जागा घेतात ती वजा करून, नऊ ग्रॅम वाढतात. जाळी दहाची वीस टक्के केली तर साधारण आठ ग्रॅम. हजार रुपये किलोचं फिलामेंट धरलं तरी सगळी सुधारणा सतरा-अठरा रुपयांची. वेळेचा हिशेब मात्र वेगळा निघाला. ०.४ मिमी रुंदीच्या ओळींनी ही पाटी एकदा झाकायला नोझलला चाळीस मीटर चालावं लागतं. ४० मिमी सेकंद या वेगाने एका थराला सतरा मिनिटं. एक मिमीचं छत ०.१ च्या थराने करायचं तर दहा थर, म्हणजे फक्त छताला पावणेतीन तासांहून जास्त. ०.२ च्या थराने पाच थर आणि दीड तासाच्या आत.

सपाट पाटीला बारीक थराचा फायदा तसाही नसतो. बारीक थर उपयोगी पडतो तो उताराच्या आणि गोलाईच्या पृष्ठभागांवर, जिथे थरांच्या पायऱ्या दिसतात. पाटीचा दर्शनी भाग आडवा, त्यात पायऱ्या येतच नाहीत. म्हणून मी ०.२ वर परत आलो.

पाटी लावण्यापूर्वी इस्त्री करावी का, असाही विचार केला. स्लायसरमध्ये Ironing नावाची सोय असते, गरम नोझल शेवटच्या थरावरून अगदी थोडा माल सोडत पुन्हा फिरतं आणि ओळी पुसतं. चांगल्या छतावर ती सुंदर काम करते. पण फुगवट्यावर आणि भोकांवर तिचा उपयोग नाही, खालचा पाया हललेला असेल तर इस्त्री तो हलवतच नेते. छत आधी दुरुस्त करा, मग हवी तर इस्त्री करा.

दुसरी पाटी ०.२ मिमीचा थर, वरचे पाच थर, २० टक्के जाळी आणि पूर्ण पंखा अशी लावली. इस्त्री केली नाही. काकांनी ती उंबऱ्यात उभं राहून उजेडाकडे तिरकी धरली, सेंटरिंग काढल्यावर स्लॅबखाली उभं राहून पाहतात तशी, आणि खिळे मागितले. तुम्ही पुढच्या वेळी Layer Height बदलाल तेव्हा प्रिंट सुरू करण्याआधी Top Layers च्या आकड्याला नव्या उंचीने गुणून पाहा. उत्तर ०.८ पेक्षा कमी आलं तर तो आकडा वाढवा.